की वर्ड ट्रान्सफॉर्मेशनमधे शब्द कसे मोजता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी भाची केंब्रिजच्या बी टू फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत आहे, आमच्या यवतमाळकडच्या गावात हे शिकवणारं कोणी नाही, म्हणून मीच घेऊन बसतो. यूज ऑफ इंग्लिशच्या पार्ट फोरमधे, म्हणजेच की वर्ड ट्रान्सफॉर्मेशनमधे, मूळ वाक्याचाच अर्थ ठेवून दिलेला शब्द धरून 2 ते 5 शब्दांत नवीन वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते, तिथंच आमचं घोडं अडलं.

वाक्य होतं "इट प्रॉबेबली वोन्ट रेन टुडे", दिलेला शब्द "लाइकली", आन् नवीन वाक्य "इट ... टुडे". पोरीनं आधी लिहिलं "इज अनलाइकली टू रेन". अर्थ बरोबर पण दिलेला शब्दच बदलला ना बाप्पा, तो तर जसाच्या तसा ठेवा लागते. मंग लिहिलं "इझन्ट व्हेरी लाइकली टू रेन", म्हणे मामा पाचच शब्द आहे. पण "इझन्ट" म्हणजे "इज नॉट", दोन धरतात, म्हणजे झाले सहा! "व्हेरी" काढलं तर बरोबर पाच, आन् तसंही मूळ वाक्यात "व्हेरी" होतंच कुठं.

आता ती भांडते की "कान्ट" एकच धरतात तर "इझन्ट" दोन काहून? मी सांगतलं की "कॅनॉट" जोडूनच एक शब्द आहे, म्हणून. पटलं नाही तिले.

आता माझा प्रश्न. एका प्रश्नाले 2 मार्क, उत्तराचे दोन भाग करून देतात, तर सहा शब्द झाले पण "लाइकली टू रेन" बरोबर असलं तर 1 मार्क भेटते का? कोणी पेपर दिला असंल तर सांगा जी.