मदत हवी आहे : व्हिज्युअल नॉव्हेलमधील फाटे आवरत नाहीत, मार्गांची रचना कशी करावी?

अनघा_क :
नमस्कार. मी रेनपायमध्ये एक छोटी मराठी व्हिज्युअल नॉव्हेल लिहीत आहे. मुंबईहून बऱ्याच वर्षांनी दापोलीजवळच्या आजोळी आलेली एक मुलगी मामी, होडीवाला तुका आणि बालमैत्रीण सुमन या तिघांपैकी कोणाच्या तरी जवळ जाते आणि त्यानुसार घराविषयीची वेगवेगळी हकिकत तिला कळते, अशी कथा आहे. वाचकाला सहा ठिकाणी निवड करायची असून प्रत्येक ठिकाणी तीन पर्याय आहेत. प्रत्येक पर्यायासाठी मी स्वतंत्र लेबल करून पुढचा प्रसंग नव्याने लिहीत गेले, त्यामुळे तिसऱ्या निवडीनंतरच २७ प्रसंग झाले आणि मी थांबले. हिशोब केला तर सहाव्या निवडीनंतर ७२९ होतील. गोष्टीवर आधारलेले इतर खेळ मी खेळले आहेत. त्यांत निवडी पुष्कळ असतात, तरी कथा आटोक्यात राहते. तीच पद्धत येथे वापरावी का, की व्हिज्युअल नॉव्हेलची रचना मुळातच निराळी असते?

वाचनवेडा :
माझ्या मते फरक फारसा नाही. चित्रे आणि संगीत जोडलेले, "अमुक करायचे असेल तर पान ४० वर जा" अशा धाटणीचे पुस्तक म्हणजेच व्हिज्युअल नॉव्हेल. निवडी जितक्या जास्त तितकी ती चांगली. ७२९ शेवट नकोत हे खरे, पण वीस-पंचवीस तरी असावेत.

निशाचर :
वाचनवेडा यांचे म्हणणे अर्धेच पटते. निवडींच्या संख्येवर हा प्रकार ठरत नाही. २००२ साली सुरू झालेल्या 'हिगुराशी'च्या मूळ भागांत वाचकाला एकही निवड नाही, तरीही ती याच कुळातली मानली जाते.

अनघाताई, आपण म्हणता त्या खेळांत, उदाहरणार्थ २०१२ च्या 'द वॉकिंग डेड'मध्ये, प्रत्येक फाट्यासाठी हालचाली, आवाज आणि दृश्ये नव्याने करावी लागतात आणि बहुतेक लोक खेळ एकदाच खेळतात. म्हणून फाटा फुटतो, थोडे अंतर वेगळा चालतो आणि पुन्हा मूळ रस्त्याला येऊन मिळतो. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये नवा प्रसंग म्हणजे मुख्यतः नवा मजकूर, कारण पार्श्वभूमी आणि पात्रांची चित्रे तीच पुन्हा वापरता येतात. त्यामुळे अनेक तासांचा पूर्ण स्वतंत्र मार्ग लिहिणे परवडते. शिवाय वाचक एक मार्ग संपवून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करील, हे लेखकाने गृहीत धरलेले असते. २००४ च्या 'फेट/स्टे नाइट'मध्ये तीन मार्ग आहेत आणि पहिला संपवल्याशिवाय दुसरा, दुसरा संपवल्याशिवाय तिसरा उघडत नाही. नायकाला आधीच्या मार्गातले काहीच आठवत नसते. वाचकाला मात्र सगळे आठवत असते, आणि तिसऱ्या मार्गाचा परिणाम त्या आठवणीवरच उभा आहे.

म्हणून झाड वाढवण्याऐवजी एक सामायिक भाग लिहावा. सहाही निवडी त्यातच ठेवाव्यात, प्रत्येक निवडीने फक्त एका पात्राचा एक गुण वाढवावा आणि कथा त्याच पुढच्या प्रसंगात न्यावी. मार्ग एकदाच, सामायिक भागाच्या शेवटी ठरवावा:

```
default mami = 0
default tuka = 0
default suman = 0

label nivad:
    if mami >= 3:
        jump mami_vaat
    elif tuka >= 3:
        jump tuka_vaat
    elif suman >= 3:
        jump suman_vaat
    jump ekti_shevat
```

शेवटची ओळ कोणाच्याच जवळ न गेलेल्या वाचकासाठी आहे. २०१२ च्या 'कतावा शोजो'मध्ये, जी रेनपायमध्येच केलेली आहे, पहिल्या अंकातल्या निवडींनी कोणतीच मुलगी ठरली नाही तर खेळ तेथेच वाईट रीतीने संपतो.

सावंतवाडीकर :
विषय रेनपायचा निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे मराठी अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात. अनघाताईंचीही अडचण तीच आहे का?

अनघा_क :
नाही, माझी अडचण रचनेची आहे. चौकोन मलाही दिसत होते. रेनपायसोबत येणाऱ्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून देवनागरी फॉन्टची फाइल game फोल्डरमध्ये ठेवून gui.rpy मध्ये तिचे नाव द्यावे लागते. जोडाक्षरे तरीही फुटत असतील तर रेनपायची नवी आवृत्ती घेऊन पाहा.

निशाचर, आपली रचना समजली आणि कालच बसवून पाहिली. मात्र मामीला तीन आणि सुमनला तीन गुण दिले, तर दरवेळी मामीचाच मार्ग लागतो.

वाचनवेडा :
मग सातवी निवड घाला. विषम संख्या असली की बरोबरी होणार नाही.

निशाचर :
दोनच पात्रे असती तर ते चालले असते. तीन पात्रांत सात निवडी केल्या तरी तीन-तीन-एक अशी बरोबरी उरतेच.

चूक माझ्या नमुन्यातली आहे. संगणक वरून खाली अटी तपासतो आणि जी पहिली खरी ठरते तेथे उडी मारतो. सहा निवडींच्या ७२९ वाटांपैकी ६० वाटांवर दोघांना तीन-तीन गुण मिळतात. त्यांपैकी ४० वाटांवर मामी त्या दोघांत असते आणि केवळ तिची अट वर आहे म्हणून ती जिंकते. आणखी ९० वाटांवर दोन-दोन-दोन असे गुण होतात. तिघांशीही प्रेमाने वागलेला वाचक तेथे एकटा पडतो, आणि ही चूक जास्त बोचणारी आहे, कारण आपले कोठे चुकले हे त्याला कळतच नाही. माझा उपाय असा की शेवटची निवड उघड करावी, म्हणजे "संध्याकाळी कोणाकडे जायचे?" असे सरळ विचारावे आणि ज्या पात्राचे किमान दोन गुण झाले आहेत तेवढेच पर्याय दाखवावेत. आधीच्या पाच निवडींचे पाच गुण तिघांत कसेही वाटले तरी निदान एकाचे दोन होतातच, त्यामुळे पर्यायांची यादी कधी रिकामी राहत नाही. एकटीचा शेवट हवा असेल तर "कोणाकडेच नाही" हा पर्यायही तेथेच द्यावा. तो वाचकाने जाणून घेतलेला निर्णय ठरेल.

अनघा_क :
हे पटले. आता आधी लिहिलेल्या २७ प्रसंगांचे काय करू? त्यांतला बराचसा मजकूर सारखाच आहे, दोन-चार वाक्ये तेवढी बदलतात.

निशाचर :
सारखा मजकूर एकाच लेबलखाली एकदाच ठेवा आणि बदलणारी वाक्ये त्याच्या आत if खाली घाला. यामागे केवळ नीटनेटकेपणाचे कारण नाही. दुसऱ्यांदा वाचणारा माणूस स्किपचे बटण दाबून ठेवतो आणि रेनपाय मूळ मांडणीत फक्त आधी वाचलेला मजकूर पळवते. 'वाचलेले' हे स्क्रिप्टमधल्या विधानावरून ओळखले जाते, त्यातल्या शब्दांवरून नाही. तोच परिच्छेद तुम्ही तीन लेबलांत चिकटवलात, तर प्रत्येक प्रत न वाचलेली ठरते आणि वाचकाला तेच तेच पुन्हा वाचावे लागते. मजकूर एकाच जागी असेल तर स्किप नेमके बदललेल्या वाक्यापाशी थांबते आणि नवे काय आहे ते आपोआप नजरेत येते. रचना बरोबर जमली की नाही, हे तपासण्याचीही हीच रीत आहे. एक मार्ग संपवा, पुन्हा सुरू करून स्किप दाबा आणि ते जुन्याच ओळीवर थांबते का ते पाहा.

अनघा_क :
करून पाहते. शेवटची शंका अशी की तिन्ही मार्ग संपल्यावरच घराचे खरे गुपित सांगणारा चौथा मार्ग उघडावा, असे मनात आहे. त्यासाठी प्रत्येक मार्गाच्या अखेरीस `$ persistent.mami_zali = True` अशी ओळ घातली, पण नवा खेळ सुरू केला तरी चौथा मार्ग माझ्याकडे कायम उघडाच दिसतो.

निशाचर :
तो उघडाच दिसणार, कारण तपासणी करताना तुम्ही तिन्ही मार्ग कधीच संपवले आहेत आणि persistent मधली नोंद नव्या खेळाने पुसली जात नाही. लाँचरमध्ये Delete Persistent आहे, ते चालवून पाहा. वाचलेल्या मजकुराची नोंदही त्याच वेळी जाते, हे लक्षात असू द्या.

वाचनवेडा :
कुलूप घालण्याला माझा विरोध नोंदवतो. मला तुकाच्या मार्गात रस नसेल, तर गुपितासाठी तो संपवण्याची सक्ती कशाला?

निशाचर :
गुपित समजायला तुकाच्या मार्गातली माहिती लागत असेल तर कुलूप योग्य आहे. लागत नसेल तर ती केवळ अडवणूक होते.

अनघा_क :
तुकाच्या मार्गात विहिरीचा प्रसंग आहे आणि तो लागतो. सुमनच्या मार्गातले मात्र काहीच लागत नाही, हे आता लिहिताना जाणवले. तिचे कुलूप काढावे की तिच्या मार्गात काही घालावे, हे अजून ठरत नाही.