मदत हवी आहे: पफर जॅकेटचा फुगीरपणा चित्रकाराला शब्दांत कसा सांगावा?

गुलमर्गच्या बर्फातल्या चित्रकथेसाठी मी चित्रकाराला वर्णनं लिहून देते. नुसतं ‘जाड पफर जॅकेट’ लिहिलं की आडव्या पट्ट्यांचा स्वेटर येतो. मग लिहिलं: ‘आडवे फुगीर कप्पे, शिवणीपाशी खोल दबलेले, तिथून बारीक चुण्या निघालेल्या, जॅकेटची कडा सरळ नाही, प्रत्येक कप्प्याला बाहेर फुगलेली, हात अंगापासून सुटलेले.’ उभी मुलगी आता छान जमली. तिच्या भावाचा स्की सूट बाहेरून गुळगुळीत हवा, त्यावर क्विल्टिंग नको, हेही समजलं.

अडतंय ते मुलगी कोपर वाकवून बसते आणि पाठीवर सॅक असते तिथे. फोटो पाठवून पाहिले, पण पोज बदलली की पुन्हा गोंधळ. शैली सपाट रंगांची आहे, छायेचा आधार नाही. कोपराच्या आतल्या बाजूला आणि सॅकच्या पट्ट्याखाली कप्पे कसे दबतात, शेजारी कुठे फुगतात, हे तुम्ही नेमकं कसं लिहाल?