मदत हवी आहे: रिलीजच्या वेळेचा मेसेज परदेशातल्या टीमसाठी कसा लिहायचा?

ऐरोलीची_म
आज संध्याकाळपर्यंत मेसेज पाठवायचाय, म्हणून घाईत विचारते. आमच्या ग्रुपवर रिलीजची वेळ ठरली, सगळं मराठीत, गप्पा मारत. ते तिकडच्या लोकांना समजेल असं लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. चॅट असं आहे:

सर: शुक्रवारी रात्री साडेबाराला घेऊ. तासाभरात उरकेल.
टेस्टिंग: दुसरा भाग पुढच्या शुक्रवारी, सेम टाइम?
सर: हो, सेम. क्लायंटला आणि स्टँडबायवाल्याला कळव. रोलबॅक करायचा की नाही ते दीडच्या आत ठरवायचं.

मी हे लिहिलंय:

```
Release: Friday 12.30 AM IST. Part 2 next Friday, same time.
Rollback decision before 1.30.
```

मागच्या वेळी क्लायंटकडून उलट प्रश्न आले होते. यात काय बदलू? प्लीज लवकर सांगा.

कोपरीकर
बरोबर आहे की. फक्त त्यांची वेळ पण टाक. अमेरिका ना? सीएसटी असेल तर आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. म्हणजे दुपारी 1. सीएसटी लिहून पाठवून दे, एवढा विचार करायची गरज नाही.

घणसोली_नाइट
थांबा, पाठवू नका. पहिल्याच ओळीत वार चुकलाय. तुमचे सर "शुक्रवारी रात्री साडेबारा" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात शुक्रवारचं जेवण झाल्यानंतरची वेळ आहे. कॅलेंडरवर तेव्हा शनिवार लागलेला असतो. `Friday 12.30 AM` हे तिकडचा माणूस गुरुवारची रात्र उलटल्यावरची वेळ म्हणून वाचणार. अख्खे 24 तास आधी येऊन बसेल आणि तुमच्याकडे कोणीच नसेल.

आता हे सांगा: तारीख कोणती, क्लायंट कुठल्या शहरात, स्टँडबायवाला कुठे? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

ऐरोलीची_म
अरे हो, सॉरी. क्लायंट शिकागो, स्टँडबाय डब्लिन. पहिला भाग 30 ऑक्टोबरचा शुक्रवार, 2026. दुसरा त्याच्या पुढचा, 6 नोव्हेंबर. पण "शुक्रवारी रात्री" असंच सगळे बोलतात ना, मी वेगळं काय लिहू?

यूटीसीप्रेमी
एकच उत्तर: यूटीसी. भारताची वेळ नको, शिकागोची नको. 30 ऑक्टोबर 19:00 यूटीसी. संपलं. ज्याला हवं त्याने आपल्या घड्याळात बदलून घ्यावं. जगभर सर्व्हरचे लॉग असेच ठेवतात.

कोपरीकर
लॉग मशीन वाचतं, मेसेज माणूस वाचतो. क्लायंटचा मॅनेजर फोनवर मेसेज बघून यूटीसीचं गणित करत बसणार आहे का?

यूटीसीप्रेमी
त्याला करता आलं पाहिजे. आणि तुमचं साडेअकरा तासांचं गणित त्या दिवशी लागूच होत नाही. कॅलेंडर बघा.

घणसोली_नाइट
हे मात्र खरं आहे, आणि ताई, तुमच्या मेसेजमधली सगळ्यात नाजूक जागा हीच आहे. युरोपात घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, यंदा 25 ऑक्टोबरला. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, यंदा 1 नोव्हेंबरला. तुमचा पहिला रिलीज बरोबर या दोन रविवारांच्या मध्ये पडतो. त्या दिवशी शिकागो अजून उन्हाळी वेळेवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, साडेअकरा नाही. त्यामुळे तिकडे दुपारचे 2 वाजलेले असतील. कोपरीकरांनी सांगितलेला 1 चुकीचा ठरतो. शिवाय सीएसटी असं लिहिलं तरी चूक, कारण त्या आठवड्यात तिथे सीडीटी चालू असतं.

डब्लिनचं घड्याळ तोपर्यंत बदललेलं असेल, तिथे संध्याकाळचे 7. आठवडाभर आधी हीच भारतीय वेळ असती तर डब्लिनला 8 असते.

आणखी एक. डब्लिनवाल्याला आयएसटी पाठवू नका. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही तीच अक्षरं आहेत, इस्रायललाही. त्याने आपली म्हणून वाचली तर त्याची काही चूक नाही. अक्षरं टाळा, शहर किंवा देश लिहा.

ऐरोलीची_म
म्हणजे दोन्ही शुक्रवारी शिकागोला वेगवेगळी वेळ येणार? मग "सेम टाइम" म्हणजे काय?

घणसोली_नाइट
तेच तुमच्या सरांना विचारायला हवं. ते तुम्ही परस्पर ठरवू नका. दोन अर्थ निघतात.

भारताची वेळ तीच ठेवायची असेल, तर दुसरा भाग शनिवार 7 नोव्हेंबर 00:30, आणि शिकागोला शुक्रवारी दुपारी 1. क्लायंटची वेळ तीच ठेवायची असेल, तर शिकागोला दुपारी 2, आणि आपल्याकडे रात्रीचा दीड. डब्लिनला पहिल्या अर्थाने संध्याकाळी 7, दुसऱ्याने 8.

दुपारी 2 ही वेळ क्लायंटने जेवणानंतर ट्रॅफिक कमी असतो म्हणून मागितली असेल, तर सरांचं "सेम" तिकडच्या घड्याळाला बांधलेलं आहे. आपल्या लोकांच्या सोयीने ठरली असेल, तर इकडच्या. "सेम टाइम" हे शब्द मेसेजमधून काढा आणि दोन्ही रिलीजची पूर्ण तारीख-वेळ वेगवेगळी लिहा.

नेरूळच्या_काकू
वाचून फार उपयोग झाला. माझी मुलगी टोरांटोला असते. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. आम्ही संध्याकाळी 7 ला पूजेला बसतो आणि ती व्हिडिओवर असते. तिला किती वाजता सांगू? गेल्या महिन्यात बोललो तेव्हा साडेनऊ तासांचा फरक धरला होता.

घणसोली_नाइट
काकू, टोरांटोची घड्याळंही 1 नोव्हेंबरला मागे जातात, म्हणून तेव्हा साडेदहा तास धरा. तिच्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतील.

वाशीचा_ड्रायव्हरभाऊ
दीड वाजेपर्यंत ऑफिसात थांबायचं तर कॅब कुठल्या तारखेची टाकायची ते आधी बघा. आमच्याकडे शुक्रवार रात्र म्हणून बुकिंग येतं आणि अ‍ॅपमध्ये शुक्रवार 01:45 टाकलेलं असतं. गाडी आदल्या रात्री गेटवर जाऊन उभी राहते, पॅसेंजर नाही. शनिवारची तारीख टाका.

कोपरीकर
साडेदहा तासांचं मी बघितलं, तुम्ही म्हणता ते बरोबर. पण सगळ्यांना प्रत्येक शहराची वेळ लिहून देणं मला नको वाटतं. चार शहरं झाली की एखादी चुकतेच, आणि मग कुठली खरी ते कोणालाच कळत नाही. एक वेळ लिहावी, बाकीच्यांनी कॅलेंडरच्या निमंत्रणात बघावी.

घणसोली_नाइट
हा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून मी एक वेळ मुख्य ठेवतो आणि तिच्यापुढे यूटीसीशी असलेला फरक आकड्यात लिहितो. बाकीची शहरं खाली सोयीपुरती. एखादी चुकली तरी मुख्य ओळीवरून पकडता येते. वार आणि तारीख दोन्ही लिहायची तीही त्याचसाठी: शनिवार आणि 31 जुळत नसेल तर वाचणारा लगेच विचारतो. नुसती तारीख असेल तर चूक गुपचूप पुढे जाते.

महिना अक्षरात लिहा. दुसऱ्या रिलीजला 07/11 लिहिलंत तर डब्लिन 7 नोव्हेंबर वाचेल आणि शिकागो 11 जुलै. पहिल्या रिलीजच्या 31/10 मध्ये हा धोका दिसत नाही, कारण 31 वा महिनाच नसतो, आणि म्हणूनच दुसऱ्या वेळी लोक गाफील राहतात.

पाठवण्याआधी लिनक्सच्या मशीनवर एकदा तपासा:

```
TZ=America/Chicago date -d '2026-10-31 00:30 +0530'
TZ=Europe/Dublin date -d '2026-10-31 00:30 +0530'
```

पहिल्यात शुक्रवार 30 ऑक्टोबर 14:00 आणि पुढे `CDT` दिसलं पाहिजे, दुसऱ्यात 19:00 आणि `GMT`. डोक्यात तास वजा करू नका, शहराचं नाव दिलं की घड्याळबदल तोच सांभाळतो.

आता रोलबॅकची ओळ. "दीडच्या आत" म्हणजे घड्याळातला दीड, की सुरू झाल्यापासून तासभर? समजा सुरुवातच 20 मिनिटं उशिरा झाली, तर निर्णय 01:30 लाच घ्यायचा की 01:50 ला? डब्लिनवाला त्याच्या भरवशावर बसणार आहे.

यूटीसीप्रेमी
मुख्य वेळ यूटीसी ठेवा म्हणजे हे सगळं टळेल, मी अजून तेच म्हणेन.

घणसोली_नाइट
एकदाच होणाऱ्या रिलीजला चालेल. पण दर आठवड्याची मीटिंग यूटीसीला बांधली तर 1 नोव्हेंबरनंतर शिकागोवाल्यांच्या घड्याळात ती तासभर अलीकडे सरकते आणि ते जुन्या वेळेलाच येतात. आणि यूटीसी कुठे हवंच ते सांगतो. कोणी 1 नोव्हेंबरच्या रविवारी शिकागोच्या पहाटे 01:30 ला काही ठेवलं, तर ती वेळ त्या रात्री दोनदा येते. एकदा आपल्याकडे दुपारचे 12 असताना, एकदा 1 असताना. तिथे नुसतं शहराचं नाव पुरत नाही.

ऐरोलीची_म
सरांना विचारलं. दुपारी 2 ही वेळ क्लायंटनेच मागितली होती, त्यामुळे दुसऱ्या भागाला आपण रात्री दीडला सुरू करायचं. टेस्टिंगवाल्यांना हे आत्ता कळलं, त्यांची चर्चा चालू आहे. रोलबॅक सुरुवातीपासून 60 मिनिटांत. आता असं लिहिलंय, बघा:

```
Part 1: Sat 31 Oct 2026, 00:30 India (UTC+05:30)
  Chicago: Fri 30 Oct, 2:00 PM
  Dublin:  Fri 30 Oct, 19:00
Part 2: Sat 7 Nov 2026, 01:30 India (UTC+05:30)
  Chicago: Fri 6 Nov, 2:00 PM
  Dublin:  Fri 6 Nov, 20:00
Rollback decision: within 60 minutes of actual start.
```

घणसोली_नाइट
वेळा बरोबर आहेत. दोन गोष्टी. दुसरा भाग शिकागोच्या घड्याळाला बांधलाय, तर त्याची मुख्य ओळही शिकागोचीच ठेवा, म्हणजे उद्या तारीख हलली तरी कुठली वेळ पक्की ते लक्षात राहील. कॅलेंडरच्या निमंत्रणातही `America/Chicago` निवडा. आणि "प्रत्यक्ष सुरुवात" झाली हे कोण जाहीर करणार, कुठल्या चॅनेलवर? ते नाव मेसेजमध्ये नाही.

ऐरोलीची_म
ते सरांनाही माहीत नाहीये. विचारून मगच पाठवते.

कोपरीकर
डब्लिनवाल्याला दुसऱ्या वेळी 20:00 चालणार आहे का, हे कोणी त्याला विचारलंय?