मदत हवी आहे: व्यायामानंतर सॉना, वाफ आणि थंड पाण्याचा टब यांचा क्रम कसा असावा?

धडपड्या
व्यायाम संपल्यावर मी आधी सॉनात बसतो, मग वाफेच्या खोलीत जातो आणि शेवटी थंड पाण्याच्या टबात उतरतो. अलीकडे सॉनातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दुसऱ्या दिवशीही पाय जडच राहतात. स्नायू लवकर सावरावेत म्हणून हे सर्व करतो आहे, तर उलटेच घडते आहे. माझा क्रम चुकतो आहे का? उद्या पुन्हा व्यायाम आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

आरोग्यमित्र
क्रम बरोबर आहे, वेळ वाढवा. स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल आणि शरीरातील विषारी द्रव्ये घामावाटे बाहेर पडेपर्यंत जडपणा जाणार नाही.

क्रीडावैद्यक
वेळ कृपया वाढवू नये. व्यायामानंतर साधारण तासाभरात लॅक्टेट आपोआप पूर्वपदावर येते, त्यासाठी घामाची गरज नसते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे हे अनोळखी किंवा जड श्रमाने स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे असते. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असते. नको असलेली द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

धडपड्या, व्यायाम कोणता, प्रत्येक ठिकाणी किती वेळ बसता, मध्ये पाणी किती पिता आणि कोणते औषध चालू आहे का, हे आधी सांगा.

लांबपल्ला
मी धावपटू आहे. मोठ्या शर्यतीनंतर थंड पाण्यात बसले की दुसऱ्या दिवशी जिना सहज उतरता येतो. माझ्या मते सॉना सोडावा आणि रोज थंड पाणी घ्यावे.

धडपड्या
पायांचे वजनी व्यायाम करतो. सॉनात बारा मिनिटांच्या दोन फेऱ्या, वाफेत दहा मिनिटे, टबात दहा मिनिटे. व्यायामात साधारण 400 मिलिलिटर पाणी पितो, नंतर घरी गेल्यावरच. आज वजन पाहिले: आधी 72 किलो, व्यायामानंतर 71.2 आणि शेवटी 70.6. चरबी तरी उतरते आहे असे दिसते. रक्तदाबाची गोळी रोजचीच आहे, तिचा येथे संबंध नसेल असे वाटले.

क्रीडावैद्यक
संबंध आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. व्यायामानंतर रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, सॉनात त्या आणखी रुंदावतात आणि घामाने रक्तातील पाणीही घटते. अशा स्थितीत झटकन उभे राहिल्यास मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह क्षणभर कमी पडतो. गोळीने रक्तदाब आणखी खाली जातो, आणि ती लघवी वाढवणारी असेल तर पाण्याची तूटही वाढते. डॉक्टरांना विचारेपर्यंत सॉना आणि वाफ दोन्ही बंद ठेवावीत.

उतरलेले वजन चरबीचे नाही, पाण्याचे आहे. व्यायामात 0.8 किलो घटले आणि 400 मिलिलिटर प्यायलात, म्हणजे घाम सुमारे 1.2 लिटर गेला. त्यानंतर आणखी 0.6 किलो घटले. शेवटी 1.4 किलोची तूट उरली, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जवळजवळ दोन टक्के. ती भरताना काही पाणी लघवीवाटे जातेच, म्हणून तुटीच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे 1.75 ते 2.1 लिटर, काही तासांत थोडेथोडे, खारट खाण्यासोबत प्यावे, असा सर्वसाधारण नियम आहे. एकदम भरपूर साधे पाणी पिऊ नये, त्याने रक्तातील सोडियम घटू शकते. तुमच्या गोळीमुळे पाणी आणि मीठ दोन्हींचे प्रमाण मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

वजन करताना अंग नीट पुसावे. वाफेच्या खोलीत त्वचेवर दिसणारे थेंब बऱ्याच अंशी हवेतली वाफच गार त्वचेवर जमून झालेले असतात, त्यामुळे अंगावरून ओघळणाऱ्या पाण्यावरून घामाचा अंदाज बांधता येत नाही.

आरोग्यमित्र
मग सॉना पूर्णपणे निरुपयोगीच म्हणायचा का?

क्रीडावैद्यक
तसे नाही. धावपटूंच्या एका छोट्या गटाने तीन आठवडे व्यायामानंतर सॉना घेतला, तेव्हा त्यांच्या रक्तातील द्रवाचे प्रमाण आणि दमेपर्यंत धावण्याचा अवधी वाढला होता. मात्र तो उष्णतेला सरावण्याचा परिणाम आहे. त्याने दुखणाऱ्या पायांचा प्रश्न सुटतो असे म्हणता येत नाही.

लांबपल्ला
आणि थंड पाणी? माझा अनुभव तुम्ही नाकारत आहात का?

क्रीडावैद्यक
मुळीच नाही. 10 ते 15 अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसल्याने दुखणे काहीसे कमी जाणवते, याला आधार आहे. त्यात अपेक्षेचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. परंतु 2015 मधील एका अभ्यासात तरुण पुरुषांनी बारा आठवडे प्रत्येक वजनी व्यायामानंतर सुमारे 10 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे घालवली, तेव्हा हलकी सायकल चालवणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे स्नायू आणि ताकद कमी वाढली. शर्यतीनंतर किंवा लागोपाठच्या सामन्यांमध्ये थंड पाणी घ्यायला हरकत नाही. स्नायू वाढवायचे असतील तर रोज घेऊ नये.

लांबपल्ला
मला स्नायू वाढवायचेच नाहीत, त्यामुळे मी माझे थंड पाणी सोडणार नाही.

धडपड्या
गोळीच्या पाकिटावर दोन औषधांची नावे आहेत. त्यांतील एक लघवी वाढवणारे आहे, असे आत्ताच औषधविक्रेत्याने फोनवर सांगितले. उद्या फक्त व्यायाम करू का?

क्रीडावैद्यक
उद्याचा व्यायामही पुढे ढकला आणि आधी डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका. मधल्या काळात छातीत दुखले, धडधडले किंवा शुद्ध हरपली, तर तातडीने रुग्णालयात जावे.