मदत हवी आहे: टन-किलोमीटरचा हिशेब कोल्हापूर-पुण्याला का जुळत नाही?

गुळवे_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आमचा गूळ पॅकिंगचा छोटा धंदा आहे. माल पुणे आणि अहमदाबादला जातो. यंदा वर्षभराचा वाहतूक करार करायचा म्हणून पुतण्याने सगळी भाडी टन-किलोमीटरमध्ये मांडली आणि माझं डोकं फिरलं.

दहाचाकी गाडीत 16 टन माल धरलाय. पुणे 230 किमी, भाडं 18,500. म्हणजे 3,680 टन-किमी, दर साधारण 5 रुपये. अहमदाबाद 850 किमी, भाडं 49,000. दर 3.60. एकच गाडी, एकच माल, मग जवळचं गाव महाग कसं?

दुसरं, गेल्या आठवड्यात पुण्याला फक्त 9 टन जायचे होते. 9 गुणिले 230 गुणिले 5 असे 10,350 मी सांगितले, तर ट्रान्सपोर्टवाला हसला आणि 18,500 च म्हणाला. तो लुबाडतोय का?

सह्यकडा

यात अवघड काय आहे? वजन गुणिले अंतर गुणिले दर, झालं. रेल्वे पण तसंच लावते. तुमचा ट्रान्सपोर्टर बदला. दर एकदा 3.60 ठरला की सगळीकडे 3.60 च द्यायचा.

जुना_हुंडेकरी

सह्यकडा, सूत्र बरोबर, पण दर आधी ठरतो हे चूक. गाडीमालक आधी फेरीचा खर्च काढतो. तुम्ही त्याला टन-किमीने भागता तेव्हा दर दिसतो. आणि रेल्वेच्या दरपत्रकातही अंतर वाढलं की प्रत्येक वाढीव किलोमीटरचा दर उतरत जातो. शिवाय वाघीण अर्धी भरलीत तरी आकार तिच्या ठरलेल्या क्षमतेवर बसतो.

गुळवे, तुमच्याच फेऱ्या मांडू. आकडे अंदाजे धरतोय, तुमच्या गाडीवाल्याचे थोडे इकडेतिकडे असतील. दहाचाकी उभी असो की पळत असो, हप्ता, विमा, ड्रायव्हर-क्लीनर, परमिट मिळून दिवसाला 5,000 धरा. पळाली की डिझेल, टोल, टायर, मेंटेनन्स मिळून किलोमीटरला 35. यातलं डिझेल साडेबावीस, म्हणजे 90 चं लिटर आणि भरलेल्या गाडीला 4 चं ॲव्हरेज.

पुण्याला दोन दिवस जातात: एक दिवस भरणं, रात्री घाट उतरणं, दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात नंबर लावून उतरवणं. 10,000 अधिक 8,050, झाले 18,050. अहमदाबादला चार दिवस: 20,000 अधिक 29,750, झाले 49,750. आता भागा. पुण्याला 4.90, अहमदाबादला 3.66. तुमच्या भाड्याच्या अगदी जवळ आले ना? गाडी भरायला आणि उतरवायला जाणारा वेळ दोन्हीकडे जवळपास तेवढाच. पुण्याला तो 230 किलोमीटरवर पसरतो, अहमदाबादला 850 वर.

9 टनांचंही तेच. गाडीत 9 टन टाकलेत म्हणून हप्ता कमी होत नाही, टोल कमी होत नाही, डिझेल थोडंसं वाचतं. 18,500 ला 2,070 ने भागलं तर टन-किमीला जवळजवळ 9 रुपये पडतात. लुबाडणूक नाही, पण तुम्ही गाडी चुकीची मागवलीत. सहाचाकी घ्यायची. दिवसाला 3,800 आणि किमीला 24 धरले तर 13,120 होतात, म्हणजे सव्वासहाच्या आसपास. भरलेल्या दहाचाकीचे 5 रुपये तिलाही जमणार नाहीत.

गुळवे_कोल्हापूर

वा, डोक्यात प्रकाश पडला. पण परतीचं भाडं यात कुठं आहे?

जुना_हुंडेकरी

मुद्दाम धरलं नाही. पुण्याहून कोल्हापूरला माल भरपूर, गाडी सहसा भरून येते, म्हणून जाताना तो तुमच्यावर टाकत नाही. तीच गाडी तळकोकणात पाठवा. परतीचा माल मिळेल याची खात्री नसेल तर रिकामं येण्याचे किलोमीटरही तुमच्याच भाड्यात येतात. पुण्याची फेरी अशी रिकामी परत आली असती तर 8,050 वाढून दर 7.09 झाला असता. म्हणून दोन गावांचे टन-किमी दर समोरासमोर ठेवण्याआधी परतीचा माल आहे का, ते विचारा.

भडंगवाली_जयसिंगपूर

आमचं तर उलटंच आहे हो. भडंगाच्या पोत्यांनी गाडी ताडपत्रीपर्यंत भरते आणि काट्यावर 4 टनसुद्धा होत नाहीत. भाडं मात्र पूर्ण गाडीचं. टन-किमीने काढायला गेलं तर डोळे पांढरे होतात. आम्ही काय करायचं?

जुना_हुंडेकरी

ताई, तुमच्या मालाला टन-किमी लावूच नका. तुमची जागा भरते, वजन नाही. पार्ट लोडवाले बरेचजण घनफुटाला 8 ते 10 किलो धरून वजन बनवतात आणि खऱ्या वजनाशी ताडून जे जास्त असेल ते लावतात. बिल्टी करताना त्यांचा आकडा विचारून घ्या. 8 आणि 10 मधला फरक म्हणजे बिलात पाव हिस्सा.

ऊसकरी_वाळवा

ही चर्चा बघून विचारतो. आमच्या कारखान्याला माझं शेत 6 किलोमीटरवर, आणि बिलातून तोडणी-वाहतूक 40 किलोमीटरवाल्याएवढीच कापतात. हे टन-किमीत बसतं का?

सह्यकडा

धागा गुळाच्या वाहतुकीचा आहे राव, कारखान्याचा वेगळा काढा.

जुना_हुंडेकरी

तसा लांबचा विषय नाही. तुमचा कारखाना सगळ्या उसाचा वाहतूक खर्च एकत्र करून एकूण टनांनी भागतो, त्यात किलोमीटर गायब होतात. तुम्ही लांबच्याचा भार उचलता. ते न्याय्य आहे की नाही यावर मी इथे बोलत नाही, भांडण लागेल.

गुळवे_कोल्हापूर

आणखी एक. पुढच्या महिन्यापासून 6 टन साताऱ्याला उतरवून 10 टन पुण्याला न्यायचेत, एकाच गाडीत. सातारा 120 किमी धरलं. 16 टन गुणिले 230 करायचं का?

जुना_हुंडेकरी

नाही. साताऱ्यानंतर ते 6 टन गाडीत नाहीत. 6 गुणिले 120 म्हणजे 720, आणि 10 गुणिले 230 म्हणजे 2,300. मिळून 3,020. 18,500 या प्रमाणात वाटले तर साताऱ्याच्या व्यापाऱ्यावर सुमारे 4,411 आणि पुण्याच्यावर 14,089. टनाला पाहिलं तर 735 आणि 1,409.

सह्यकडा

मग साताऱ्यात थांबून उतरवायला अर्धा दिवस गेला, त्याचे 2,500 कोणी द्यायचे? तुमच्याच हिशेबाने दिवस 5,000 चा.

जुना_हुंडेकरी

बरोबर पकडलंत. मी साताऱ्यावर टाकेन, कारण तो थांबा त्याच्यासाठी. पण मी ओळखतो ते काही जण दोघांवर वाटतात.

गुळवे_कोल्हापूर

साताऱ्याचा गिऱ्हाईक नवीन आहे, त्याच्यावर 2,500 टाकले तर तो उद्याच दुसरीकडून गूळ घेईल. बघतो. आणि करारात ट्रान्सपोर्टवाल्याला हवंय की डिझेल 10 टक्के वाढलं तर भाडंही 10 टक्के वाढवायचं.

जुना_हुंडेकरी

सही करू नका. पुण्याच्या 18,050 मध्ये डिझेल 5,175, म्हणजे 29 टक्के. डिझेल 10 टक्के वाढलं तर भाडं 3 टक्क्यांच्या आत वाढायला हवं. अहमदाबादला डिझेल 38 टक्के, तिथे पावणेचार ते चार टक्के ठीक. दोन्ही गावांची टक्केवारी वेगळी लिहून घ्या. आणि डिझेल उतरलं तर भाडं उतरेल हेही त्याच कलमात लिहा, ते तो आपणहून लिहिणार नाही.