सल्ला हवा: दोन-तीन शब्दांच्या ग्राहक-अभिप्रायांचा मराठी अनुवाद

रेवती_एस
नमस्कार. स्वयंपाकघरातल्या वस्तू विकणाऱ्या एका साइटवरचे अभिप्राय इंग्रजीतून मराठीत करायचं काम मिळालंय. बहुतेक एवढेच असतात: 'वर्थ इट', 'वेस्ट ऑफ मनी', 'नॉट बॅड', 'गुड'. शीटमध्ये वस्तूचं नाव नाही, मग 'गुड'ला चांगला लिहायचं, चांगली की चांगलं? 'वर्थ इट'ला 'योग्य आहे' बसतं, पण ते वाचून कोणी मिक्सर घेईल असं वाटत नाही. अनुभवी मंडळींनी सांगा.

मिरची_कोल्हापुरी
ताई, बोलतो तसं लिहा. वर्थ इट म्हणजे पैसा वसूल, वेस्ट ऑफ मनी म्हणजे पैसे पाण्यात, नॉट बॅड म्हणजे वाईट नाही. एकदा यादी ठरवली की शोधा आणि बदला. तासाभरात शीट संपते.

सुहासकाका
मिक्सर घ्यायचा असेल तर 750 वॅटचा घ्या. 500 वॅटचा इडलीचं पीठ वाटताना तापतो. ज्यूसर नको, कोणी वापरत नाही.

रेवती_एस
काका, मिक्सर घ्यायचा नाहीये, मिक्सरबद्दल लोकांनी जे लिहिलंय त्याचं मराठी करायचंय 🙂

शब्दसाखळी
बरीच वर्षं हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. मिरची, 'पैसे पाण्यात' मस्तच. पण सरसकट शोधा-बदला इथे चालत नाही.

रेवती, आधी कंपनीकडे दोन रकाने मागून घ्या: वस्तूचा प्रकार आणि किती तारे दिलेत ते. मिक्सर चांगला, इस्त्री चांगली, भांडं चांगलं, हे वस्तू कळल्याशिवाय ठरत नाही. रकाना मिळालाच नाही तर लिंगाप्रमाणे न बदलणारे शब्द धरा: छान, मस्त, उत्तम, बेकार, टाकाऊ. म्हणजे 'गुड'ला 'छान आहे' कुठेही चालतं. 'घेण्यासारखा' टाळा, 'पैसे वसूल' बिनधास्त लिहा.

तारे याच्यासाठी की 'नॉट बॅड' चार ताऱ्यांसोबत आलं तर माणूस खूश आहे, तिथे 'चांगलं निघालं' असा सूर हवा. दोन तारे असतील तर 'ठीकठाक'. 'वाईट नाही' लिहिलंत तर चार तारे देणाराही नाखूश वाटेल.

दुसरी अडचण लिहिणाऱ्याची. तो पुरुष की बाई हे कळत नाही, आणि मराठीत 'वापरतो', 'वापरते', 'निराश झालो' म्हटलं की ते ठरून जातं. वाक्य फिरवायचं: 'निराशा झाली', 'वापरायला सोपं'. एक ओळ करून दाखवते. मिक्सर, चार तारे: 'यूजिंग सिन्स टू मंथ्स, नॉट बॅड, वर्थ इट'. याचं मी करीन: 'दोन महिने झाले वापरून, चांगला चाललाय, पैसे वसूल.' यात 'मी' कुठेच येत नाही.

आणि 'चीप क्वालिटी'ला कधीही 'स्वस्त' लिहू नका. 'हलका माल' लिहा. 'स्वस्त' वाचून गिऱ्हाईक उलट खूश होतं.

मिरची_कोल्हापुरी
ताऱ्यांचं पटलं. पण मग 'वेस्ट ऑफ मनी'ला 'फसवणूक' का नको? एकच तारा देणाऱ्याला तेच म्हणायचं असतं.

शब्दसाखळी
नको. वस्तू कामाची निघाली नाही एवढंच तो म्हणतोय. 'फसवणूक' लिहिलं की विक्रेत्यावर आरोप होतो, आणि तो त्याने केलेलाच नाही. 'पैसे वाया गेले' पुरे. 'फ्रॉड', 'फेक' असं खुद्द त्याने लिहिलं असेल तरच फसवणूक, बनावट वगैरे. 'पैशाचा अपव्यय' मात्र सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, तेही नको.

सांगलीची_लेक
मी अनुवादक नाही, पण असले अभिप्राय रोज वाचते. माझ्या सासूबाई इंग्रजी वाचत नाहीत, त्यांना मराठीतलेच लागतात. 'व्हॅल्यू फॉर मनी' मात्र त्या स्वतः बोलताना वापरतात, तो शब्द तसाच ठेवला तर काय बिघडलं?

शब्दसाखळी
काही बिघडत नाही, ताई. मी 'किमतीच्या मानाने छान' लिहिते, कारण 'व्हॅल्यू फॉर मनी' ही 'पैसे वसूल'पेक्षा थोडा हात राखून दिलेली शाबासकी वाटते. पण तसाच ठेवणारेही चांगले अनुवादक आहेत, त्यावर आमच्यातही एकमत नाही.

रेवती_एस
दोन्ही रकाने मागवलेत. एकाच ओळीवर अडलेय: 'ग्रेट, स्टॉप्ड इन थ्री डेज', एक तारा. टोमणा तसाच ठेवू की सरळ करू?

शब्दसाखळी
ठेवा. 'वा, तीन दिवसांत बंद!' 'ग्रेट'ला 'उत्तम' मात्र करू नका. घाईत वाचणारा पहिला शब्द बघून पुढे जाईल.

मिरची_कोल्हापुरी
मला वाटतं सरळच करा, 'तीन दिवसांत बंद पडला'. टोमणा सगळ्यांना कळेलच असं नाही.