टर्म आधी की हेल्थ?

> «पहिली नोकरी, वय २४. एजंट म्हणतो एक कोटीचा टर्म घे, हेल्थ कंपनीचा आहेच. बरोबर आहे का?»

एजंट अर्धंच सांगतोय. हिशोबापुरतं धरा: एक कोटीच्या टर्मचा हप्ता वर्षाला १०,०००, पाच लाखांच्या हेल्थचा ७,०००. उद्या बाईकवरून पडून पाय मोडला तर टर्म एक रुपयाही देणार नाही. तो पैसा तुम्ही गेल्यावर घरच्यांना मिळतो. तुमच्या पगारावर घर चालत नसेल, डोक्यावर कर्जही नसेल, तर टर्म थोडा थांबू शकतो. कंपनीचा हेल्थ मात्र राजीनाम्याबरोबर जातो, म्हणून स्वतःचा आधी.

पण पाच लाखांचं कव्हर म्हणजे पूर्ण बिल मिळेल असं नाही. माझ्या भावाने खोलीभाड्याची अट वाचलीच नव्हती. मर्यादा रोज ५,०००, खोली घेतली ८,००० ची, पाच दिवस. भाड्याचे ४०,००० झाले, मिळाले २५,०००. वरचे १५,००० गेले एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. डॉक्टर, ऑपरेशन, नर्सिंगचे १,२०,००० होते, तेही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांशावर आणून ७५,००० केले. औषधांचे ५०,००० तेवढे पूर्ण मिळाले. म्हणजे बिल २,१०,०००, हातात १,५०,०००, आणि कव्हर साडेतीन लाख शिल्लक असूनही खिशातून ६०,०००!

तेव्हा हप्त्यात हजारभर जास्त गेले तरी खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी बघा. आणि सिगारेट ओढत असाल तर फॉर्ममध्ये लिहा. टर्मचा हप्ता वाढेल, पण लपवलंत तर क्लेमच्या वेळी घरचे अडकतील.